बादलीत जे उरतं, तेच जाहिरातीत लिहा

पत्र: मी पेणच्या कारखान्यातून शाडूच्या कच्च्या मूर्ती आणते, घरी रंगवते आणि ऑनलाइन विकते. माझ्या पानावर असं लिहिलंय: ‘१००% इको-फ्रेंडली शाडू मूर्ती! केमिकल-फ्री, नैसर्गिक रंग. पूर्णपणे बायोडिग्रेडेबल, घरच्या घरी तासाभरात विरघळते. प्लास्टिक-फ्री पॅकिंग. निसर्गाला शून्य हानी.’ मैत्रीण म्हणते, आता असं लिहिलं तर दंड होतो. पण सगळेच असं लिहितात, आणि मी ते काढलं तर माझी मूर्ती प्लास्टरच्या गर्दीत हरवेल. मग लिहू तरी काय?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर: मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. ‘इको-फ्रेंडली’ या शब्दावर बंदी नाही, तो एकटा सोडायला हरकत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंगविषयीची, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ग्रीन, इको-फ्रेंडली, नॅचरल, सस्टेनेबल असे मोघम शब्द वापरायचे असतील तर ते कोणत्या अर्थाने वापरलेत हे तिथेच सांगा आणि त्याचा पुरावा जवळ ठेवा, असा त्यांचा गाभा आहे. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल आहे, बनवण्याच्या पद्धतीबद्दल, पॅकिंगबद्दल की वापरानंतरच्या विल्हेवाटीबद्दल, हेही स्पष्ट करावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती व्यवसाय म्हणून त्यातून सूट नाही. ‘मन प्रसन्न करणारी मूर्ती’ असं मात्र खुशाल लिहा, त्याला कोणी पुरावा मागणार नाही. पानाची हिरवी पार्श्वभूमीही चालेल. पण प्रमाणपत्राचा शिक्का वाटावा असं झाडाच्या पानाचं गोल चिन्ह तुम्ही स्वतःच बनवून लावलं असेल, तर ते आधी काढा.

आता तुमचा मजकूर. त्यातली सगळ्यात मोठी अडचण अशी, की मूर्तीच्या पाच-सहा वेगवेगळ्या भागांबद्दलची विधानं एकाच ‘१००%’ खाली आली आहेत. तुमची मूर्ती म्हणजे नुसती शाडू नाही. माती, तिच्या आत असेल तर काथ्या किंवा तार, वरचं पांढरं अस्तर, रंग, चमक, दागिने, खालचा पाट आणि शेवटी खोका, असा तो ऐवज आहे. एक मूर्ती समोर ठेवा आणि या प्रत्येकापुढे ‘हे कशाचं आहे’ आणि ‘मला हे कशावरून माहीत आहे’ अशी दोन उत्तरं वहीत लिहून काढा. दुसऱ्या रकान्यात जिथे ‘कारखानदार म्हणाले’ एवढंच येईल, तिथे अजून दावा करायचा नाही.

‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द शाडूला लागूच होत नाही. जिवाणू एखादी वस्तू खाऊन तिचं विघटन करतात तेव्हा तो शब्द वापरतात. काथ्या, कागद, गवत हे बायोडिग्रेडेबल. शाडू ही खनिज माती आहे, तिला जिवाणू खात नाहीत. ती मुळातच विघटनाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. पाण्यात ती विरघळतही नाही. विरघळणं म्हणजे मीठ-साखरेसारखं पाण्यात दिसेनासं होणं. शाडू पाणी पिऊन सुटते, तिचे बारीक कण अलग होतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. बोलीत आपण ‘विरघळली’ म्हणतो आणि ग्राहकालाही ते कळतं, म्हणून त्या शब्दावर कोणी अडून बसणार नाही. पण ‘पाण्यात सुटून तळाशी माती बसते’ असं लिहिलंत तर ग्राहकाला बादलीत काय दिसणार हे आधीच कळतं, आणि ‘विरघळली नाही, चिखल झाला’ अशी तक्रार येत नाही.

हे फक्त न भाजलेल्या मातीबद्दल. पुढेमागे टेराकोटाच्या मूर्ती ठेवल्यात तर हाच मजकूर तिथे उचलून लावू नका. भट्टीत भाजलेली माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. महिनाभर बुडवून ठेवली तरी कुंडीसारखी तशीच राहते.

‘तासाभरात’ हा सगळ्यात धोक्याचा शब्द, कारण तो ग्राहक घड्याळ लावून तपासू शकतो. त्यासाठी बादलीची चाचणी तुम्हीच करा, आणि अंगणात घाईघाईने नको, नीट करा. त्याच लॉटमधल्या, पूर्ण रंगवलेल्या तीन मूर्ती घ्या: सर्वांत लहान, सर्वांत मोठी, आणि जिच्यावर सर्वांत जास्त रंग आहे ती. प्राणप्रतिष्ठा न झालेल्या, रंगाचा डाग पडल्यामुळे विक्रीतून बाजूला काढलेल्या मूर्ती यासाठी सोयीच्या. पण तडा गेलेली मूर्ती घेऊ नका. तड्यातून पाणी थेट आत शिरतं, ती लवकर ढासळते आणि तुमचा आकडा खोटा लहान येतो. वजन आणि उंची लिहून घ्या. मुकुट बुडेल एवढं नळाचं साधं पाणी भरा. गरम करू नका, ढवळू नका. मूर्ती ठेवल्याबरोबर, मग १, ३, ६, १२ आणि २४ तासांनी, शिवाय मूर्ती पूर्ण सुटेल तेव्हा फोटो काढा, शेजारी घड्याळ दिसेल असे.

साधारण काय दिसतं? बुडाशी रंग नसतो, तिथून बुडबुडे येतात आणि माती आधी तिथेच सुटते. पाठीमागची बाजू त्यानंतर. पुढचा भाग, विशेषतः दोन-तीन हात दिलेला पितांबर आणि सोनेरी मुकुट, सगळ्यात उशिरा. कधी कधी आतली माती पूर्ण मऊ होऊन खाली बसते आणि रंगाचं कवच मूर्तीच्या आकारात तसंच उभं राहतं. असं झालं तर दोष मातीचा नाही, रंगाने धरलेल्या पापुद्र्याचा आहे. ऑइलपेंट, वार्निश आणि ॲक्रिलिक तिन्ही असा पापुद्रा धरतात. मातीत मळताना डिंक किंवा फेविकॉल घातला असेल तरी वेळ वाढतो, म्हणून ते कारखान्यात विचारा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पूर्ण सुकलेली माती पाण्यात लवकर सुटते, ओलसर माती उशिरा. सुक्या मातीच्या छिद्रांत पाणी झपकन शिरतं आणि आतली हवा बाहेर पडताना कण सुटे करते. ओल्या मातीत ती छिद्रं आधीच भरलेली असतात. तेव्हा मे महिन्यात खडखडीत वाळलेल्या मूर्तीवर केलेली चाचणी श्रावणातल्या दमट हवेत घाईने रंगवून पाठवलेल्या मूर्तीला लागू पडेलच असं नाही. शक्य असेल तर पावसाळ्यात वाळलेल्या मूर्तीवर चाचणी पुन्हा करा.

समजा तीन मूर्तींना ५, ७ आणि ११ तास लागले. मग ‘५ तासांत’ लिहायचं नाही आणि सरासरी काढून ‘८ तासांत’ही नाही. सोयीचा तेवढाच आकडा उचलणं हीसुद्धा दिशाभूलच, मार्गदर्शक तत्त्वांत तशी स्पष्ट मनाई आहे. सर्वांत उशिराचा आकडा घ्या, वर थोडी सवड ठेवा: ‘साध्या पाण्यात पूर्ण बुडवल्यास १२ तासांपर्यंत’. ‘पूर्ण बुडवल्यास’ हे शब्द गाळू नका. लोक टोपात अर्धी मूर्ती ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला गणरायाचं मस्तक तसंच असल्याचा फोटो पाठवतात.

चाचणीचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा. २४ तासांनी वरचं पाणी हळूच ओता आणि गाळ पिठाच्या चाळणीतून पाण्यासह गाळून घ्या. चाळणीवर जे राहतं ते तुमच्या जाहिरातीतलं खरं वाक्य: काथ्याचे धागे, सोंडेतली बारीक तार, रंगाचे पापुद्रे, एखादा चिकटवलेला खडा. हे लपवायचं नाही, सांगायचं. ‘विसर्जनाआधी मण्यांची माळ आणि खडे काढून घ्या’ हे वाक्य मूर्तीची किंमत कमी करत नाही.

याच चाळणीवर प्लास्टरही पकडलं जातं. कारखान्यातून कच्ची मूर्ती घेताना बोटांची डागडुजी, हाताचा सांधा किंवा खालची चकती प्लास्टरने केलेली असू शकते, आणि वरून रंग चढला की ती ओळखू येत नाही. रात्रभर पाण्यात ठेवलेला शाडूचा तुकडा बोटांत मळता येतो. प्लास्टरचा तुकडा कडकच राहतो, नखाने खरवडला तर भुगा निघतो पण मळला जात नाही. व्हिनेगरचा थेंब टाकून प्लास्टर ओळखायची युक्ती फिरत असते, ती सोडून द्या. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट झाल्यावर जिप्सम होतं आणि जिप्समवर व्हिनेगरने फेस येत नाही. फेस येतो तो खडूच्या पुडीवर, आणि तुमच्या पांढऱ्या अस्तरात तीच असण्याची शक्यता जास्त. म्हणजे ही युक्ती शाडूच्या मूर्तीला उगाच बदनाम करते आणि प्लास्टरला सोडून देते.

प्रत्येक लॉटमधली एक मूर्ती अशी तपासा आणि कारखानदाराकडून बिलावर ‘न भाजलेली शाडू माती, प्लास्टर ऑफ पॅरिस वापरलेलं नाही’ असं लिहून घ्या. नुसतं ‘गणपती मूर्ती, ५० नग’ लिहिलेल्या बिलाने काहीच सिद्ध होत नाही. हे दोन्ही हातात असलं की ‘प्लास्टर नाही’ हे दोन शब्द तुम्ही ठणकावून लिहू शकता. गर्दीत हरवण्याची जी भीती तुम्हाला आहे, तिच्यावर ‘१००% इको-फ्रेंडली’पेक्षा हेच दोन शब्द जास्त कामाचे.

रंगांकडे येऊ. ‘केमिकल-फ्री’ काढून टाका, त्याला दुरुस्ती नाही. शाडूही रसायनच आहे आणि पाणीही. ‘नैसर्गिक रंग’ वापरायचा तर कोणता रंग कशाचा, हे लिहिता आलं पाहिजे. गेरू, हळद, मुलतानी माती ही नावं ग्राहकाला लगेच कळतात. ‘वॉटर-बेस्ड’ म्हणजे नैसर्गिक, ही समजूत मात्र चुकीची. वॉटर-बेस्ड हे रंग कशात कालवला आहे ते सांगतं. ॲक्रिलिक इमल्शनही वॉटर-बेस्ड असतं आणि सुकल्यावर प्लास्टिकचाच पापुद्रा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मूर्ती विसर्जनविषयक सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्येही भर आहे तो नैसर्गिक, विषारी नसलेल्या रंगांवर, आणि ऑइलपेंटसारख्या इनॅमल रंगांना तिथे जागा नाही.

बहुतेक घरगुती रंगकामात खरी अडचण एकाच ठिकाणी असते: सोनेरी. अंग गेरू-हळदीचं, पण मुकुट बाजारातल्या तयार सोनेरी रंगाचा. डोळ्यांच्या आखणीचा काळाही बहुधा तयारच. तसं असेल तर ‘नैसर्गिक रंग’ हे संपूर्ण मूर्तीबद्दलचं विधान खोटं ठरतं, पण ‘अंग आणि पितांबर: गेरू व हळद. मुकुटाचा सोनेरी आणि डोळ्यांचा काळा: ॲक्रिलिक’ हे खरं. अशी कबुली वाचून ग्राहक पळत नाही, उलट बाकीच्या ओळींवर त्याचा विश्वास बसतो. हळदीचा पिवळा उन्हात फिका पडतो, तेही एका वाक्यात सांगून टाका. खिडकीशी ठेवलेली मूर्ती पाचव्या दिवशी फिकी दिसली की दोष तुमच्याकडे येतो.

‘शिसेविरहित’ किंवा ‘नॉन-टॉक्सिक’ लिहावंसं वाटलं तर चाचणी अहवालाशिवाय लिहू नका. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाची कायदेशीर मर्यादा ९० पीपीएम आहे. डबा बनवणाऱ्या कंपनीने तसं लेबलवर छापलं असेल तर डब्याचा आणि बॅच नंबरचा फोटो ठेवा आणि दावा त्या रंगापुरताच करा. सुटी रंगपूड वापरत असाल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागेल, नाहीतर हा मुद्दा गाळून टाका.

पॅकिंगचं थोडक्यात. खोका पुठ्ठ्याचा, आत कागदाची कात्रणं किंवा भाताचा पेंढा, इथवर ठीक. पण खोक्यावर पारदर्शक चिकटपट्टी असेल, पत्त्याचं लेबल प्लास्टिकच्या पाकिटात असेल, तर ‘प्लास्टिक-फ्री’ नाही. कागदी चिकटपट्टी मिळते, ती वापरा, किंवा ‘चिकटपट्टी सोडून बाकी पॅकिंग कागद आणि पुठ्ठ्याचं’ असं लिहा. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या घेणार असाल तर पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर ती साधी प्लास्टिकची पिशवी समजा.

‘निसर्गाला शून्य हानी’ला कोणतंही शेपूट जोडून वाचवता येणार नाही. शाडू जमिनीतून खणूनच काढतात. पेणमध्ये येणारी बरीचशी माती गुजरातेतल्या भावनगर भागातून ट्रकने येते, त्यामुळे ‘स्थानिक माती’ असं लिहायचा मोह झाला तर आधी गोणी कुठून आली ते विचारा. ‘पेणच्या कारखान्यात घडवलेली’ हे खरं आहे, तेवढंच लिहा. तीच गोष्ट ‘हाताने घडवलेली’ची. साच्यात दाबून मग हाताने साफसफाई केली असेल तर तसंच सांगा. आणि विसर्जनात गाळ तयार होतोच. तो लहानशा तळ्यात किंवा विहिरीत साचतो, म्हणूनच घरच्या बादलीतलं विसर्जन बरं.

वरच्या चाचणीतले समजा धरलेले आकडे आणि रंग घेऊन तुमचा मजकूर असा होईल:

> शाडू मातीची गणेशमूर्ती, ९ इंच. प्लास्टर नाही.
>
> इको-फ्रेंडली कशी? मूर्ती न भाजलेल्या शाडूची आहे. साध्या पाण्यात पूर्ण बुडवल्यास १२ तासांपर्यंत सुटते आणि तळाशी माती बसते (या लॉटमधल्या तीन मूर्ती बुडवून पाहिल्या, सर्वांत उशिराची वेळ दिली आहे).
>
> पेणच्या कारखान्यात साच्यात घडवलेली, बदलापूरला हाताने रंगवलेली. अंग आणि पितांबर गेरू व हळदीचे. मुकुटाचा सोनेरी आणि डोळ्यांचा काळा रंग ॲक्रिलिक आहे, त्याचे पापुद्रे मातीवर राहतात. ते चाळून वेगळे काढा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो.
>
> विसर्जनाआधी मण्यांची माळ काढून घ्या. सोंडेत बारीक लोखंडी तार आहे. खाली बसलेली माती वाळवून पुन्हा मळता येते, किंवा एक भाग मातीला चार भाग कंपोस्ट मिसळून फुलझाडांच्या कुंडीत घालता येते.
>
> खोका पुठ्ठ्याचा, भराव कागदाचा, चिकटपट्टी कागदी.

‘इको-फ्रेंडली’ मुद्दाम ठेवला आहे, कारण लोक तोच शब्द टाइप करून शोधतात. पण प्रश्नाच्या रूपात आणि उत्तर लगेच पुढच्या वाक्यात. शीर्षकाला अक्षरांची मर्यादा असते, तिथे जागा ‘प्लास्टर नाही’ला द्या. कुंडीच्या वाक्यातला ‘चार भाग कंपोस्ट’ही सजावटीचा नाही. नुसती शाडू कुंडीत ओतली की ती वाळून विटेसारखी होते, पाणी वरच साचतं आणि झाड मान टाकतं. पापुद्र्यांमुळे ‘फुलझाडांच्या’ म्हटलं आहे, कोथिंबीर-पालकाच्या कुंडीत ती माती घालायला सांगू नका.

विसर्जन कुठे करावं याचा सल्ला जाहिरातीत छापू नका, ‘आपल्या महापालिकेची यंदाची सूचना पाहा’ एवढंच पुरे. मूर्तींविषयीचे नियम आणि न्यायालयाचे आदेश गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत.

पुरावे एका फाइलमध्ये ठेवा: लॉटचं बिल, बादलीचे तारीखवार फोटो, चाळणीवर उरलेल्याचा फोटो, रंगांच्या डब्यांची लेबलं. हेच फोटो एका पानावर चढवून त्याचा क्यूआर कोड मूर्तीच्या चिठ्ठीवर छापलात तर उत्तम. फक्त सोनेरी रंगासारखा अपवाद कोडमागे ढकलू नका, तो मुख्य मजकुरातच हवा. पुढच्या वर्षी कारखाना बदलला किंवा तयार रंगाचा दुसरा डबा आणला, तर चाचणी नव्याने करा. जुन्या मूर्तीचे तास नव्या मूर्तीला लावता येत नाहीत.

आणि रीलचं विसरू नका. पानावरचा मजकूर सुधारून रीलमध्ये मात्र ‘तासाभरात गायब!’ असं सहा तासांचं चित्रण वेग वाढवून दाखवलंत, तर तीही जाहिरातच. वेग वाढवा हवा तर, पण कोपऱ्यात घड्याळ राहू द्या. आधीच छापून आणलेले ‘१००% इको-फ्रेंडली’चे स्टिकर उरले असतील तर ते खोक्यावर लावू नका.